निरोपाचा ई-मेल : अकरा वाक्यांतून तीन वाक्यांकडे

सारांशलेखनात आपण मूळ उताऱ्यातील आशय तटस्थपणे, तृतीयपुरुषी भाषेत आणि सुमारे एक-तृतीयांश शब्दांत मांडतो. निरोपाचा ई-मेल लहान करताना ही पद्धत जशीच्या तशी वापरली, तर पत्रातला माणूसच हरवतो. येथे आशयाबरोबर स्नेहही टिकवायचा असतो. तो कसा टिकवावा, हे एका नमुन्याच्या आधारे पाहू.

मूळ मसुदा

समजा, वाशीम जिल्ह्यातील मालेगाव येथील एका कार्यालयातील कनिष्ठ सहायक महिलेची बदली रिसोडला झाली आहे. सहकाऱ्यांना पाठवण्यासाठी तिने पुढील मसुदा लिहिला :

‘आपणा सर्वांस कळविण्यास आनंद व दुःख दोन्ही होत आहे, की माझी रिसोडला बदली झाली असून शुक्रवार हा माझा येथील शेवटचा दिवस आहे. सहा वर्षे कशी सरली ते कळलेच नाही. मी आले तेव्हा हे गाव मला नवीन होते, खोली मिळत नव्हती आणि डब्याचीही सोय नव्हती. हळूहळू सर्व जमत गेले. पहिल्या लेखापरीक्षणाच्या वेळी तर मी रडकुंडीला आले होते, तेव्हा आवक-जावक विभागातील ताईंनी तीन रविवार माझ्याजवळ बसून जुन्या नोंदवह्या कशा वाचायच्या ते शिकवले. दिवाळीचा फराळ, दुपारचा चहा, पावसाळ्यात गेलेली वीज, सारेच आठवते. वेळोवेळी करण्यात आलेल्या बहुमोल सहकार्याबद्दल सर्वांचे शतशः आभार. कळत-नकळत कुणाचे मन दुखावले असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी. कार्यभार व कपाटाच्या किल्ल्या सुपूर्द केल्या आहेत. माझा भ्रमणध्वनी क्रमांक तोच आहे. असाच स्नेह राहू द्यावा, ही विनंती.’

मुख्य आभार कोणते?

‘आभार’ हा शब्द सातव्या वाक्यात आहे. परंतु खरे आभार पाचव्या वाक्यात आहेत. सातवे वाक्य कोणत्याही गावच्या कोणत्याही कार्यालयात जसेच्या तसे चालेल. ‘करण्यात आलेल्या’ या कर्मणी रचनेमुळे सहकार्य करणारी माणसेही त्यातून दिसेनाशी झाली आहेत. पाचव्या वाक्यात मात्र कोणी, केव्हा आणि काय केले हे स्पष्ट दिसते. पत्रातील ऊब ‘बहुमोल’, ‘शतशः’ अशा शब्दांत नसून त्या तीन रविवारांत आहे. म्हणून प्रथम हा प्रसंग अधोरेखित करावा आणि उरलेल्या मजकुराची कात्रणी त्यानंतर सुरू करावी.

काय कोठे जाते?

बदलीची वार्ता विषयाच्या ओळीत जाते, त्यामुळे एक संपूर्ण वाक्य वाचते. कार्यभार व किल्ल्या यांची नोंद वेगळ्या कार्यालयीन पत्रात करावी. खोली, डबा, चहा, वीज या आठवणी खऱ्या असल्या, तरी त्या मुख्य प्रसंगाला स्पर्धक ठरतात. त्या निरोप समारंभात सांगता येतील. क्षमायाचना ही येथे केवळ रूढी आहे. प्रत्यक्ष कोणाचे मन दुखावले असेल, तर त्या व्यक्तीला भेटूनच बोलावे.

तीन वाक्यांचा मसुदा

‘विषय : रिसोडला बदली, शुक्रवार हा येथील शेवटचा दिवस

सप्रेम नमस्कार,

माझ्या पहिल्या लेखापरीक्षणाआधी आवक-जावक विभागातील ताईंनी तीन रविवार शेजारी बसून मला जुन्या नोंदवह्या वाचायला शिकवले आणि पुढे सहा वर्षे तुम्ही सर्वांनी मला तसेच सांभाळून घेतले, त्याबद्दल मी तुमची मनापासून आभारी आहे. रिसोडला कोणी नवी मुलगी नोंदवही उघडून गोंधळली, तर आता मी तिच्या शेजारी बसेन. माझा भ्रमणध्वनी क्रमांक तोच आहे, केव्हाही हाक मारा.’

पहिले वाक्य आभाराचे आहे. एका व्यक्तीचा प्रसंग आणि सर्वांचा स्नेह यांना ‘तसेच’ हा शब्द जोडतो, म्हणून इतरांना वगळल्यासारखे वाटत नाही. दुसरे वाक्य त्या उपकाराचे पुढे काय होणार, हे सांगते. तिसरे वाक्य संबंध चालू ठेवते.

कोठे चुकते?

मराठीत ‘-ऊन’ प्रत्ययाच्या साखळीने अकरा वाक्ये एकाच वाक्यात ओवता येतात : ‘येऊन, राहून, शिकून, आभार मानून…’. अशाने पूर्णविराम कमी होतात, पण मजकूर कमी होत नाही. वाक्य मोठ्याने वाचताना मध्येच दम घ्यावा लागला, तर ही चूक झाली आहे असे समजावे. याउलट केवळ ‘सर्वांचे आभार’ एवढेच उरले, तर काटछाट अति झाली. दोन-तीन व्यक्तींचे स्वतंत्र ऋण असेल, तर ते एका ई-मेलमध्ये कोंबू नये. प्रत्येकास वेगळा संदेश लिहावा.

स्वाध्याय

आपण लिहिलेला किंवा आपल्याला आलेला एखादा निरोपाचा मजकूर घ्या. दुसऱ्या कोणत्याही कार्यालयात जसेच्या तसे चालेल असे प्रत्येक वाक्य खोडा आणि जे उरेल, त्यातून तीन वाक्यांचा मसुदा तयार करा.