विरजण लागलेले दूध आणि नासलेले दूध

२८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी शाळांमधून ‘आपल्याभोवतीचे सूक्ष्मजीव’ या विषयावर एखादे तरी भाषण होतेच. त्यात बहुधा दोन याद्या असतात. दही, इडली, प्रतिजैविके देणारे ते उपयुक्त आणि कॉलरा, क्षय, विषमज्वर देणारे ते अपायकारक. याद्या चुकीच्या नाहीत. पण त्या पाठ करून मुलांच्या हाती फारसे काही लागत नाही, कारण खरा प्रश्न त्यांत येतच नाही. एकाच ओट्यावर ठेवलेल्या दुधाचे एकदा छान दही लागते आणि एकदा ते नासते, हे कशामुळे? भाषणाला एवढा एकच प्रश्न पुरेसा आहे.

हा प्रश्न जोसेफ लिस्टर या इंग्रज शल्यविशारदाने फार गांभीर्याने घेतला होता. शस्त्रक्रियेनंतरच्या जखमा चिघळू नयेत म्हणून कार्बोलिक आम्ल वापरणारे ते हेच लिस्टर. जखम आपोआप सडत नाही, बाहेरून आलेले जंतू ती सडवतात, असे त्यांचे म्हणणे होते. दूध आंबण्यामागे सूक्ष्मजीव असतात हे लुई पाश्चर यांनी १८५७ मध्ये मांडले होते. पण ते काम नेमका कोणता जीव करतो, हे वेगळे काढून दाखवायचे राहिले होते. लिस्टर यांनी आंबलेले दूध निर्जंतुक पाण्यात इतके पातळ केले की एका थेंबात सरासरी एखादाच जीवाणू उरावा. असे थेंब त्यांनी उकळून जंतुरहित केलेल्या दुधाच्या वेगवेगळ्या पेल्यांत टाकले. काही पेल्यांतले दूध घट्ट झाले, बाकीचे जसेच्या तसे राहिले. घट्ट झालेल्या दुधात एकाच जातीचा जीवाणू होता. हे काम १८७८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या जीवाणूला आज लॅक्टोकोकस लॅक्टिस म्हणतात आणि आपल्या घरच्या विरजणातही तो सापडतो. जखमेतल्या जंतूंशी झुंजणाऱ्या डॉक्टरने दह्याचा जीवाणू वेगळा काढला, ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

आता घरच्या पातेल्याकडे येऊ. अर्धा लिटर दूध उकळून कोमट केले आणि चमचाभर, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर दही त्यात घातले. विरजण दुधात शंभरपट पसरले. पातेल्यातल्या जीवाणूंची दाटी पुन्हा दह्याइतकी व्हायची तर त्यांची संख्या शंभरपट वाढायला हवी. एकाचे दोन, दोनाचे चार, असे सात वेळा दुप्पट केले की १२८ होतात. उबदार दुधात एकदा दुप्पट व्हायला पाऊण ते एक तास धरला, तर हिशेब पाच ते सात तासांचा होतो, आणि दही लागायला साधारण तेवढाच वेळ लागतो. थंडीत हाच दुप्पट होण्याचा वेळ लांबतो, म्हणून पातेले उबेत ठेवावे लागते. उलट कढत दुधात विरजण घातले तर जीवाणू मरतात आणि सकाळी दूध तसेच पातळ मिळते.

या तासांत जीवाणू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. ताज्या दुधाचा पीएच ६.६च्या आसपास असतो. तो ४.६पर्यंत उतरला की केसीन हे दुधातले प्रथिन एकमेकांना धरते आणि दही जमते. हे आम्लच दह्याचा राखणदार ठरते, कारण रोग देणाऱ्या बहुतेक जीवाणूंना एवढ्या आंबट जागी वाढता येत नाही. विरजण म्हणजे पातेल्यात आधीच बसवलेली गर्दी. उशिरा आलेल्यांना जागाच उरत नाही. पण याला मर्यादा आहे. आधीपासून दुधात असलेले सगळे जंतू आम्लाने लगेच मरत नाहीत, म्हणून न उकळलेल्या दुधाचे दही सुरक्षित मानता येत नाही. जनावरांचा क्षय आणि माणसाला वारंवार ताप व सांधेदुखी देणारा ब्रुसेलोसिस कच्च्या दुधातून येऊ शकतो. दूध ६३ अंश सेल्सियसवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवले की हे जंतू मरतात. घरच्या उकळीने तर मरतातच.

मग उकळलेले दूधही बाहेर राहिले की का नासते? काही जीवाणू बीजाणूंच्या रूपात उकळी सोसतात. दूध निवले की ते जागे होतात. त्यांच्यातले काही आम्ल फारसे करत नाहीत, प्रथिनेच तोडतात. अशा वेळी दूध आंबट न होताच फाटते आणि कडवट लागते. चमचा, हात, झाकण यांतूनही नवे पाहुणे येतात. माणसाच्या त्वचेवर आणि नाकात राहणारा स्टॅफिलोकोकस खव्यात किंवा मिठाईत वाढला, तर तो विष सोडतो. पुन्हा गरम केल्यावर जीवाणू मरतो, विष मात्र टिकते, आणि खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. ‘परत उकळले, आता चालेल’ हा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

दह्याकडे बघूनही बरेच कळते. नुसती तार सुटली तर बहुधा बिघडलेले काही नसते. काही विरजणांचे जीवाणू चिकट शर्करा तयार करतात. पण दह्यात बुडबुडे, भेगा आणि वेगळाच वास असेल, तर आत यीस्ट किंवा नको ते जीवाणू शिरले आहेत. वर रंगीत बुरशी दिसली तर ती काढून खालचे खाऊ नये, सगळेच टाकावे. आणखी एक प्रसंग दूध घालणाऱ्या घरांना माहीत असतो. गाईला दगडी झाली, कासेत प्रतिजैविक सोडले, आणि त्या दुधाला विरजण लागेनासे झाले. ज्या औषधाने कासेतले जंतू मारले, त्यानेच दह्याचेही मारले. औषध दुधातून जाईपर्यंत, डॉक्टर सांगतील तितके दिवस, ते दूध विकू नये.

विज्ञान दिनी भाषणासोबत एक प्रयोग सहज करता येतो. शाळेच्या प्रयोगशाळेत मिथिलीन ब्लू असतेच. चार परीक्षानळ्या घ्याव्यात: पहिलीत नुकतेच उकळून निववलेले दूध, दुसरीत गवळ्याकडचे ताजे कच्चे दूध, तिसरीत सकाळपासून बाहेर राहिलेले कच्चे दूध आणि चौथीत उकळून निववलेल्या दुधात थोडे ताजे ताक. प्रत्येकीत रंगाच्या अतिशय पातळ द्रावणाचे सारखेच थेंब घालून नळ्या बूच लावून कोमट पाण्यात, सुमारे ३७ अंशांवर ठेवाव्यात. जीवाणू दुधातला प्राणवायू संपवतात तसा निळा रंग उडतो. पहिली नळी निळीच राहते, तिसरी लवकर पांढरी होते आणि दुसरीला वेळ लागतो. दूधसंस्थांत कच्च्या दुधाची प्रत या चाचणीने ठरवत आले आहेत. अर्ध्या तासाच्या आत रंग गेला तर दूध निकृष्ट.

चौथी नळीही पांढरी होते. तिच्यात उपयुक्त म्हणवणारेच जीवाणू आहेत, पण रंगाला दोघांतला फरक कळत नाही. नळीत किती जण आहेत एवढेच तो सांगतो. ते कोण आहेत हे पाहायला सूक्ष्मदर्शक आणि लिस्टर यांच्यासारखी वेगळे काढण्याची चिकाटी लागते. मुलांनी इथे प्रश्न विचारले, तर शिक्षकांनी त्यांना घाईने यादीकडे नेऊ नये. आणि प्रयोग संपल्यावर नळ्यांतले दूध कोणी चाखू नये; नळ्या उकळत्या पाण्यात ठेवून मगच रिकाम्या कराव्यात आणि सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत.