३८४ ठिपक्यांत वऱ्याचे तांदूळ

किराणा दुकानातल्या छोट्या बिलाचा कागद ५८ मिलिमीटर रुंद असतो. बाजारात त्याला दोन इंची रोल म्हणतात. त्यातला ४८ मिलिमीटरचा पट्टा छपाईला मिळतो आणि त्यात एका आडव्या रेषेत ३८४ ठिपके बसतात. थर्मल प्रिंटरमध्ये शाई नसते. हेडमधला ठिपका तापला की कागद तिथे काळा पडतो, नाही तापला तर पांढराच राहतो. मधली करडी छटा नाही.

मोबाइलच्या पडद्यावर मात्र अक्षर सुबक दिसतं ते याच करड्या छटांमुळे. तेच अक्षर बिलावर उतरताना प्रत्येक करड्या ठिपक्याला काळं किंवा पांढरं व्हावं लागतं. अक्षर ज्या रेषेने बनलंय ती एका ठिपक्याहून बारीक असेल तर ती तुटते किंवा पार नाहीशी होते. ‘तूर डाळ’मधला ऊकार गेला की ‘तर डाळ’ उरते. उलट रेषा फार जाड असेल तर उष्णता शेजारी पसरते, अक्षरांच्या पोटातली पांढरी जागा बुजते आणि ‘धने’ की ‘घने’ हे ओळखू येत नाही.

‘वऱ्याचे तांदूळ ५०० ग्रॅम’ हे नाव या दृष्टीने चांगली कसोटी आहे. त्यात य वर चिकटणारा चंद्रकोरीसारखा अर्धा र आहे, मात्रा आहे, अनुस्वार आहे, खाली ऊकार आहे. फॉन्टचा आकार २४ ठिपके, म्हणजे ३ मिलिमीटर ठेवला, तर बहुतेक फॉन्टमध्ये अनुस्वाराच्या वाट्याला तीनेक ठिपके येतात आणि ऱ्याच्या कोरीला जेमतेम दोन. आकार २८ केला की दोन्ही सुटे दिसू लागतात. छापील पुस्तकाच्या भाषेत हा साधारण १० पॉइंट होतो, आणि दोन इंची बिलावर याहून खाली जाऊ नये.

फॉन्ट निवडताना म्हणूनच पहिल्यांदा रेषेची जाडी बघायची. जिच्या उभ्या आणि आडव्या रेषा जवळपास सारख्या जाड, अक्षरांची पोटं मोकळी, असा साधा फॉन्ट हवा. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ हा असा आहे. तो मोफत मिळतो आणि त्यात सात वजनं आहेत. त्यातलं मीडियम घ्यावं: लाइटमध्ये मात्रा विरतात, बोल्डमध्ये पोटं बुजतात. बोरूच्या वळणाचे, कुठे जाड कुठे बारीक होणारे फॉन्ट पुस्तकात देखणे दिसतात. बिलावर त्यांच्या बारीक टोकांचा टिकाव लागत नाही.

नाव मावत नाही म्हणून ते आडवं दाबणं ही सर्वात जास्त दिसणारी चूक. दाबल्यावर उभ्या रेषाही बारीक होतात आणि काना अर्धवट उमटतो. ‘नोटो सान्स देवनागरी’मध्ये मुळातच अरुंद रेखाटलेली अक्षरं आहेत. तिथे रेषेची जाडी सांभाळून फक्त अंतर आवळलेलं असतं. दाबायचंच असेल तर ती वापरावीत, त्यातही सेमी कंडेन्स्डच्या पलीकडे जाऊ नये.

पण जागेचा खरा प्रश्न फॉन्टने सुटत नाही, मांडणीने सुटतो. नाव, वजन, दर, रक्कम हे सगळं एकाच ओळीत बसवलं की आकड्यांना साधारण २१६ ठिपके जातात आणि नावाला १६८ उरतात. २८ आकारात ‘वऱ्याचे तांदूळ’ तेवढ्यात मावतात, ‘५०० ग्रॅम’ मावत नाही. नाव पूर्ण ओळीवर आणि आकडे खालच्या ओळीवर घेतले तर दाबादाबीची गरजच संपते. ओळीमागे सुमारे ५ मिलिमीटर कागद वाढतो. वीस वस्तूंच्या बिलाला १० सेंटिमीटर. ग्राहकाला नाव नीट वाचता यावं यासाठी एवढा कागद द्यायला हरकत नसावी.

नावाची ओळ चित्र म्हणून पाठवावी लागते, कारण या प्रिंटरमध्ये सहसा रोमन अक्षरं आणि आकडेच भरलेले असतात. मराठी थेट पाठवलं तर प्रश्नचिन्हं उमटतात. चित्र बनवताना ते नेमकं ३८४ ठिपके रुंद असावं. तीन इंची बिलासाठी बनवलेलं ५७६ ठिपक्यांचं चित्र लहान करून छापलं तर एकाच शब्दातले दोन काने वेगवेगळ्या जाडीचे निघतात. ओळीची उंची फॉन्टच्या दीडपट हवी, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा ऊकार छाटला जातो. आणि ‘चिंच’मधली ऱ्हस्व वेलांटी च च्या नंतर छापली गेली, तर फॉन्ट बदलून उपयोग नाही, तिथे बिलाच्या सॉफ्टवेअरला देवनागरी अक्षरं जुळवताच येत नाहीत.

सगळ्या बिलांवर एकाच जागी उभी पांढरी रेघ दिसत असेल, तर हेडमधला ठिपका बंद पडलाय किंवा त्यावर मळ बसलाय. स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसूनही ती गेली नाही, तर हेड बदलावं लागतं.