किमान नाण्यांची समस्या

किमान नाण्यांची समस्या ही गणित व संगणकशास्त्रातील एक प्रसिद्ध समस्या आहे. ठरावीक मूल्यांची नाणी हवी तितकी उपलब्ध असताना दिलेली रक्कम कमीत कमी नाण्यांत कशी चुकती करावी, हा तिचा विषय होय. दुकानदार सुट्टे देताना सहजपणे वापरतो ती रीत काही नाणेपद्धतींत अचूक ठरते, तर काहींत चुकते. डायनॅमिक प्रोग्रॅमिंगची रीत मात्र सर्वच नाणेपद्धतींत अचूक उत्तर देते.

## अधाशी रीत

उरलेल्या रकमेत मावणारे सर्वांत मोठे नाणे प्रत्येक वेळी उचलावे, ही अधाशी रीत होय. या रीतीत एकदा उचललेले नाणे परत ठेवले जात नाही. भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाली. तिच्यातील १, २, ५, १०, २५ व ५० पैशांच्या नाण्यांसाठी ही रीत नेहमीच किमान संख्या देते. उदाहरणार्थ, ४० पैशांसाठी २५, १० व ५ अशी तीन नाणी लागतात आणि त्यांहून कमी नाण्यांत ही रक्कम होत नाही.

## वीस पैशांचे नाणे आणि अधाशी रीतीचे अपयश

१९६८ मध्ये २० पैशांचे नाणे चलनात आले आणि स्थिती पालटली. आता ४० पैसे २० च्या दोन नाण्यांत देता येतात. अधाशी रीत मात्र प्रथम पावली, म्हणजे २५ पैशांचे नाणे, उचलते. उरलेल्या १५ पैशांसाठी तिला १० व ५ अशी आणखी दोन नाणी लागतात. हीच चूक ९० पैशांतही होते: अधाशी रीतीने ५०, २५, १०, ५ अशी चार नाणी होतात, तर ५०, २०, २० ही तीनच पुरतात.

याचे कारण २० व २५ या मूल्यांच्या जवळिकीत आहे. वीसची दोन नाणी पावलीपेक्षा १५ पैशांनी अधिक होतात. पावली वापरायची तर हे १५ पैसे वेगळे भरून काढावे लागतात आणि त्यासाठी दोन नाणी खर्च होतात. हे अंतर एकाच नाण्याने भरून निघाले असते, तर दोन्ही मार्गांनी दोनच नाणी लागली असती. २५ च्या आधीचे नाणे १० चे असताना असेच घडत होते: दहाची तीन नाणी पावलीपेक्षा ५ पैशांनी अधिक होतात, आणि २५ व ५ ही दोन नाणी त्या तिन्हींची जागा घेतात.

## डायनॅमिक प्रोग्रॅमिंगची रीत

या रीतीत लहान रकमांची उत्तरे आधी काढून कोष्टकात नोंदवितात आणि त्यांवरून मोठ्या रकमांची उत्तरे मिळवितात. कोणत्याही उत्तम मांडणीतील एक नाणे बाजूला काढले, तर उरलेली नाणी उरलेल्या रकमेची उत्तम मांडणीच असली पाहिजेत. तसे नसते तर मूळ मांडणीही सुधारता आली असती. म्हणून प्रत्येक नाणे शेवटचे मानून पाहावे आणि सर्वांत लहान उत्तर घ्यावे.

```
f[0] = 0
for v = 5, 10, 15, ..., V:
    f[v] = INF
    for c in coins:
        if c <= v and f[v-c] + 1 < f[v]:
            f[v] = f[v-c] + 1
            last[v] = c
```

५, १०, २०, २५ व ५० या नाण्यांसाठी कोष्टक असे भरते:

| रक्कम (पैसे) | ५ | १० | १५ | २० | २५ | ३० | ३५ | ४० |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| किमान नाणी | १ | १ | २ | १ | १ | २ | २ | २ |

शेवटच्या रकान्यासाठी चार पर्याय तपासले जातात. शेवटचे नाणे ५ चे मानल्यास उरलेल्या ३५ पैशांची दोन नाणी धरून एकूण तीन होतात; १० चे मानल्यास ३० पैशांमुळे तीन; २५ चे मानल्यास १५ पैशांमुळे तीन. २० चे मानल्यास मात्र उरलेल्या २० पैशांना एकच नाणे लागते व बेरीज दोन होते. `last` मधील नोंदींवरून मागे जात गेल्यास प्रत्यक्ष नाणीही कळतात.

## मर्यादा

आरंभी प्रत्येक रकमेसमोर `INF`, म्हणजे अनंत, लिहिणे आवश्यक असते. तेथे शून्य लिहिल्यास कोणतीही तुलना यशस्वी होत नाही व कोष्टक शून्यच राहते. रक्कम मुळीच जमत नसेल, तर तिच्यासमोर `INF` कायम राहते. कामाचे प्रमाण कोष्टकातील रकमांची संख्या गुणिले नाण्यांचे प्रकार इतके असल्याने रक्कम शंभरपट झाली की कामही साधारण शंभरपट होते. तसेच गल्ल्यात २० पैशांचे एकच नाणे शिल्लक असेल, तर वरील कोष्टक लागू पडत नाही. प्रत्येक नाण्याची शिल्लक संख्या वेगळी विचारात घ्यावी लागते.

२५ पैसे व त्याहून लहान नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. सध्याच्या १, २, ५, १० व २० रुपयांच्या नाण्यांसाठी अधाशी रीत पुन्हा अचूक ठरते.