चित्रकथेतील ध्वनिअक्षरे पुसणे व चित्राचे पुनर्रेखाटन

ध्वनिअक्षरांचे पुनर्रेखाटन ही चित्रकथेच्या (कॉमिक्सच्या) भाषांतरित आवृत्तीसाठी केली जाणारी प्रक्रिया आहे. मूळ पानावर चित्राच्या अंगावरच काढलेली ‘धडाम’, ‘खळ्ळ’, ‘सर्र’ यांसारखी आवाजाची अक्षरे या प्रक्रियेत पुसली जातात. त्यांखाली झाकला गेलेला चित्राचा भाग नव्याने काढला जातो आणि नंतर त्या जागी दुसऱ्या भाषेतील ध्वनिशब्द रेखला जातो. संवादांच्या फुग्यातील मजकूर बदलणे तुलनेने सोपे असते, कारण फुग्याच्या आत केवळ पांढरी जागा असते. ध्वनिअक्षरांमागे मात्र माणसे, झाडे किंवा आकाश असते आणि अक्षरे पुसली की तेथे चित्राला भोक पडते.

## मराठीतील संदर्भ

भाषांतरित चित्रकथा मराठी वाचकांना दीर्घकाळ परिचित आहेत. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४मध्ये सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळाच्या कथा इंग्रजीबरोबर मराठीसह इतर भारतीय भाषांतही प्रसिद्ध होत. एकच चित्र अनेक भाषांत छापताना सर्व मजकूर केवळ काळ्या शाईच्या पत्र्यावर ठेवणे सोयीचे असते. मग दुसऱ्या भाषेसाठी तेवढा एकच पत्रा बदलावा लागतो आणि रंगांचे पत्रे तसेच वापरता येतात. ध्वनिअक्षरे रंगीत असली किंवा चित्राच्या रेषांत मिसळलेली असली, तर ही सोय उरत नाही. संगणकापूर्वी अशी अक्षरे अपारदर्शक पांढऱ्या रंगाने झाकून त्यावर शाईने रेषा जोडल्या जात. आता हे काम पान स्कॅन करून संगणकावर केले जाते.

## किती पुसावे

मूळ प्रकाशकाकडे अक्षरे वेगळ्या स्तरावर असलेली फाइल उपलब्ध असेल, तर पुनर्रेखाटनाची गरजच पडत नाही. ती नसल्यास तीन पर्याय उरतात. मूळ अक्षरे तशीच ठेवून शेजारी बारीक अक्षरांत अर्थ देणे हा पहिला. नवा शब्द जुन्यावरच अशा रीतीने बसवणे की जुना पूर्णपणे झाकला जाईल, हा दुसरा. जुना शब्द पुसून चित्र पुन्हा काढणे हा तिसरा. व्यवहारात दुसरा व तिसरा पर्याय एकत्र वापरला जातो. नवा शब्द आधी कच्च्या स्वरूपात जागेवर ठेवून पाहतात आणि त्याबाहेर उघडा राहणारा भागच काळजीपूर्वक काढतात.

देवनागरीत येथे एक विशेष अडचण येते. जपानी ध्वनिअक्षरे बहुधा वरून खाली लिहिलेली असतात. देवनागरी अक्षरे शिरोरेषेने आडवी जोडली जातात आणि एकाखाली एक रचल्यास शब्द तुटल्यासारखा दिसतो. त्यामुळे मराठी शब्द आडवा येतो, जुन्या उभ्या शब्दाचा बराच भाग उघडा पडतो आणि पुनर्रेखाटन वाढते.

## कृती

कृष्णधवल पान साधारणपणे ६०० डीपीआयला स्कॅन करतात. मूळ चित्राच्या स्तराला हात न लावता दुरुस्ती वरच्या नव्या स्तरावर केली जाते. अक्षरांभोवती पांढरी किनार असते. ती चित्राचा भाग नसल्याने अक्षरांसोबत तीही काढावी लागते.

यानंतर प्रत्येक तुटलेली रेषा भोकाच्या दोन्ही काठांवर शोधून जोड्या लावल्या जातात. एका काठावर रेषेची जाडी ९ पिक्सेल आणि दुसऱ्या काठावर ६ पिक्सेल असेल, तर मधली रेषा हळूहळू बारीक होत गेली पाहिजे. अशी रेषा तुकड्यांनी न जोडता एका हातात ओढतात आणि जास्तीचा भाग नंतर मास्कने झाकतात. वेगरेषा एका बिंदूतून निघालेल्या असतील, तर शाबूत रेषा मागे वाढवून तो बिंदू आधी निश्चित केला जातो.

## ठिपक्यांची छटा

कृष्णधवल चित्रकथेतील करडा रंग बहुधा बारीक काळ्या ठिपक्यांनी साधलेला असतो. या जाळीला स्क्रीनटोन म्हणतात. शेजारचा तुकडा उचलून भोकावर ठेवताना ठिपके जाळीत अचूक बसले नाहीत, तर सांध्यावर पट्टा दिसतो. एका इंचात ६० ओळी असलेली, ४५ अंशांत तिरपी जाळी ६०० डीपीआयला स्कॅन केली, तर लगतच्या ठिपक्यांत १० पिक्सेल अंतर असते. आडव्या दिशेने मात्र तीच रचना सुमारे १४.१४ पिक्सेलनंतर पुन्हा येते. म्हणून तुकडा ७ आवर्तने, म्हणजे ९९ पिक्सेल सरकवल्यास तो जवळजवळ अचूक बसतो. ९५ पिक्सेल सरकवल्यास सांधा दिसतो. छटा गडद होत जाणारी असेल, तर तुकडा समान गडदपणाच्या पट्ट्यातूनच घ्यावा लागतो.

## उदाहरण

पुढील उदाहरण कल्पित आहे. भीमाशंकर अभयारण्यावरील एका इंग्रजी चित्रकथेच्या चौकटीत शेकरू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घेत आहे. चौकटीभर तिरका ‘व्हूश’ हा रोमन लिपीतील सहा अक्षरी शब्द आहे. पहिल्या अक्षराखाली झाडाचे खोड, मधल्या चारांखाली शेकरूची शेपूट आणि शेवटच्या अक्षराखाली ठिपक्यांचे आकाश आहे. मराठीसाठी ‘सर्र’ हा शब्द निवडला, तर तेवढ्याच उंचीत तो केवळ मधली चार अक्षरे झाकतो.

खोडाच्या कडा वरखाली शाबूत असल्याने त्या जोडता येतात. सालीचा पोत त्याच खोडाच्या दुसऱ्या भागाकडे पाहून हाताने काढला जातो. आकाशात जाळी जुळवून तुकडा बसवतात. शेपटीचा बराच भाग नव्या अक्षरांखाली जातो, तरी तिची बाह्यरेषा सलग काढतात. अन्यथा ‘स’ आणि ‘र्र’ यांच्यामधील फटीत दिसणारा तुकडा पुढच्या भागाशी जुळत नाही. शेपटीचा आकार व छटा त्याच चित्रकाराच्या इतर चौकटींवरून ठरवतात, छायाचित्रावरून नव्हे. चित्रकाराने शेपूट प्रत्यक्षापेक्षा अधिक झुपकेदार काढली असेल, तर भरलेला भागही तसाच हवा.

## दोष व मर्यादा

पडद्यावर चित्र अत्यंत गडद करून पाहिले, की पुसलेल्या अक्षरांची उरलेली फिकट कडा उघड होते. चित्र आरशाप्रमाणे उलटे केल्यास वाकडी जोडलेली रेषा लक्षात येते. पानांची गर्दी भरताना एकच तुकडा वारंवार छापला असेल, तर सारखी पाने ठरावीक अंतरावर दिसतात. जाळीवर काम झाल्यावर पानाचा आकार बदलल्यास लाटांसारखी नक्षी उमटते, म्हणून अंतिम आकार आधीच ठरवला जातो.

अक्षरांखाली मूळ चित्र कित्येकदा काढलेलेच नसते, कारण चित्रकार ती जागा अक्षरांसाठी मोकळी सोडतो. अशा वेळी भरलेला भाग पुनःस्थापित नसून अनुमानित असतो. चेहरा किंवा हात पूर्णपणे झाकलेला असेल आणि इतरत्र आधार नसेल, तर मूळ अक्षरे ठेवून शेजारी अर्थ देणे अधिक प्रामाणिक ठरते. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५७ नुसार, आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशा विकृतीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क कलाकृतीच्या कर्त्याला आहे. त्यामुळे प्रकाशनासाठी केलेल्या बदलांना हक्कधारकाची संमती घेतली जाते.

## हे सुद्धा पहा

* चित्रकथा
* इंद्रजाल कॉमिक्स
* शेकरू