रद्द केलेल्या ऑर्डरचे पैसे कुठे जातात?

समजा, ऑनलाइन दुकानातून २,५०० रुपयांची साडी मागवली. ५०० रुपये भेट मिळालेल्या गिफ्ट कार्डातून दिले, २,००० यूपीआयने. मग ऑर्डर रद्द केली. स्क्रीनवर दोन पर्याय येतात: ‘मूळ खात्यात परतावा’ किंवा ‘स्टोअर क्रेडिट, लगेच’. घाईत दुसऱ्यावर बोट पडतं आणि तिथेच २,००० रुपयांचं स्वरूप बदलतं.

पेमेंट हाताळणाऱ्या कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे, की ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने ते परत जावेत. ग्राहकाने स्पष्ट संमती दिली तरच दुसरा मार्ग चालतो. स्टोअर क्रेडिटवरचं ते बोट म्हणजे तुमची संमती. गिफ्ट कार्डाचे ५०० मात्र कार्डातच परततात, कारण ते तिथूनच आले होते.

स्टोअर क्रेडिट फक्त त्याच दुकानात चालतं. अशा ‘बंद’ पद्धतीच्या शिलकीला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, त्यामुळे तिचे मुदतीचे नियमही तिला लागू होत नाहीत. मुदत दुकानाच्या अटींत असते, रोख सहसा मिळत नाही. म्हणून पैसे परत हवे असतील, तर चार-सहा दिवस थांबावं लागलं तरी मूळ खातंच निवडावं, असं माझं ठाम मत आहे.

अनेक दुकानांत चालणारं वॉलेट किंवा गिफ्ट कार्ड निराळं. ते रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने निघतं आणि शेवटचे पैसे भरल्यापासून किमान एक वर्ष चाललंच पाहिजे. मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत कंपनीने एसएमएस किंवा ईमेलने सावध करायचं असतं. मुदत संपली तरी रक्कम बुडत नाही: निदान तीन वर्षं कंपनीला ती आपल्या नफ्यात घेता येत नाही, आणि तुम्ही मागितलीत तर तुमच्या बँक खात्यात द्यावी लागते. हे फार थोड्यांना ठाऊक असतं, त्यामुळे कोणी मागतच नाही.

पूर्ण केवायसी असलेल्या वॉलेटमधून पैसे बँकेत पाठवता येतात. किमान माहितीवर उघडलेल्या वॉलेटमधून तसे पाठवता येत नाहीत, पण ते बंद करायला सांगितलं तर शिल्लक ज्या खात्यातून भरली होती तिथे परत जाऊ शकते.

आपलं कार्ड यातलं कुठलं, हे ओळखायला अटींमध्ये ते कोणी जारी केलं आहे ते पाहावं. कॅशबॅक आणि बक्षिसाचे पॉइंट यांत धरू नयेत. ते आपण भरलेले पैसे नसतात, आणि त्यांची मुदत कंपनीच ठरवते.

विमान तिकिटांच्या बाबतीत नियम आणखी स्पष्ट आहे. परताव्याची रक्कम कंपनीकडे ‘क्रेडिट शेल’मध्ये ठेवायची की नाही, हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने आपणहून ती तशी ठेवायची नाही, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं म्हणणं आहे. दुकान किंवा कंपनी न विचारता क्रेडिट देत असेल, तर आधी लेखी तक्रार करावी, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर.