मनगटात कुकरची रिंग अडकवलेली बाई

व्हर्जिनिया वुल्फ यांची 'अॅन अनरिटन नॉव्हेल' ही कथा १९२० सालची. आगगाडीच्या डब्यात माणसं समोरासमोर बसली आहेत. कुणी वर्तमानपत्रात डोकं घातलंय, कुणी आणखी कशात. एक बाई मात्र काहीच करत नाही. तिच्या चेहऱ्यावरचं दुःख समोरच्या निवेदकाला स्वस्थ बसू देत नाही. बाई भावजयीबद्दल काहीतरी तुटक बोलते, हातमोज्यानं खिडकीच्या काचेवरचा डाग घासत राहते. एवढ्या भांडवलावर निवेदक तिचं आयुष्य उभं करतो. नाव ठेवतो मिनी मार्श. तिला मूलबाळ नाही, भावजयीच्या घरी तिला मान नाही आणि लहानपणीचा एक अपराध तिला आतून खातो आहे: ती दुकानात रिबिनी पाहत रमली आणि तेवढ्यात घरी धाकटा भाऊ भाजून गेला. पानामागून पान असं रचलं जातं. मग स्टेशन येतं, बाई उतरते, आणि फलाटावर तिचा मुलगा तिला न्यायला आलेला असतो.

सगळी रचना तिथं कोसळते. वुल्फ यांनी ती मुद्दामच कोसळवली आहे, आणि अनोळखी प्रवाशाबद्दल लिहू पाहणाऱ्यानं ही कथा जवळ ठेवावी ती याच कारणासाठी. निवेदकाचं निरीक्षण खोटं नव्हतं. बाई खरोखर काच घासत होती, भावजयीचं नावही खरोखर निघालं होतं. चूक झाली ती पुढं. प्रत्येक रिकामी जागा एकाच रंगानं भरली गेली. मूल आहे की नाही हे माहीत नव्हतं, तर 'नाही' असं ठरलं. मनात काय चाललंय हे कळत नव्हतं, तर 'पश्चात्ताप' असं ठरलं. आनंद, हट्ट, हिशेब, आजचं काम यांतलं काहीच तिच्या वाट्याला आलं नाही. तुच्छता म्हटलं की आपल्याला नाक मुरडणारा माणूस आठवतो, पण लिखाणात ती बहुतेक वेळा कळवळ्याच्या रूपानं येते.

आपल्याकडं हा कळवळा हमखास भेटतो तो एसटीवर लिहिताना. पु. ल. देशपांडे यांच्या 'म्हैस'मध्ये गाडीखाली म्हैस येते आणि अख्खी गाडी बोलायला लागते. तिथं प्रवासी एकमेकांशी भांडतात, सल्ले देतात, अक्कल पाजळतात, त्यामुळं कुणी बिचारं उरत नाही. पण प्रवासी गप्प असेल आणि लिहिणारा एकटाच त्याच्याकडं पाहत असेल, तर गोष्ट अवघड होते. एक नमुना घेऊन पाहू.

समजा, साताऱ्याहून दहिवडीकडं जाणारी गाडी आहे, महिना जानेवारीचा. खिडकीशी पन्नाशीची बाई बसली आहे. मांडीवर नायलॉनची पिशवी, पिशवीतून कुकरचं हँडल बाहेर आलेलं. कुकरची काळी रबरी रिंग तिनं मनगटात अडकवली आहे, ती कोपरापर्यंत लोंबते आहे. कंडक्टर येतो, ती मोजून पैसे देते, तो काहीतरी बोलतो, ती हसते आणि पुन्हा बाहेर पाहू लागते. दिसलं ते एवढंच.

यावर घाईत लिहिलेला परिच्छेद साधारण असा उतरतो: "तिच्या रापलेल्या चेहऱ्यावर आयुष्यभराचे कष्ट कोरलेले होते. थरथरत्या हातांनी तिने कनवटीची नाणी मोजली. खिडकीबाहेर शून्यात पाहणाऱ्या डोळ्यांत कितीतरी दुःखं दडली होती. तरीही ओठांवर एक निरागस हसू होतं."

वाक्यं गुळगुळीत आहेत, छापूनही येतील. पण यातलं पाहिलेलं किती आणि जवळचं किती, हे वाक्यागणिक तपासावं. चेहरा रापलेला होता. उन्हात हिंडणाऱ्याचा चेहरा रापतोच, त्यात दुःखाचा पुरावा नाही. तिनं पैसे मोजले, कारण कंडक्टर सुट्टे मागणार हे तिला माहीत होतं. अर्ध्या तिकिटावरून गरिबी ताडायला जावं, तर १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्याच महिलांना निम्मं भाडं आहे. तहसीलदारीणबाई बसल्या तरी तेवढंच. हात थरथरत होते की गाडी हादरत होती, हेही विचारायला हवं. मागच्या बाकांवर बसलेल्याला हा प्रश्न लगेच सुचेल.

सगळ्यात मोठी गफलत 'शून्यात' या जागी आहे. जानेवारीत या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळूची रानं असतात. कुठलं रान पोटरीत आहे, कुठलं हुरड्यात आलंय, कुठं पानांवर चिकटा पडून ती चकाकायला लागलीत, हे शेतकरी घरातली बाई चालत्या गाडीतून सहज वाचते. लिहिणाऱ्याला ते वाचता येत नाही, म्हणून त्याला ती शून्यात पाहते आहे असं वाटतं. स्वतःचं अज्ञान त्यानं तिच्या डोळ्यांत नेऊन ठेवलं. अर्थात ती शेतातली आहे हाही तर्कच आहे. कदाचित ती फक्त आपला फाटा आला का, हे बघत असेल. पण या दोन्ही शक्यतांमध्ये ती काहीतरी करते आहे, आणि परिच्छेदातली बाई काहीच करत नव्हती. तिला नुसतं सोसायला बसवलं होतं.

राहिलं ते निरागस हसू. इतकी वर्षं संसार केलेल्या, चार माणसांशी वाजवून व्यवहार केलेल्या बाईला निरागस म्हणणं म्हणजे तिला लहान मूल ठरवणं. कंडक्टर "मावशी, कुकर सांभाळा, शिट्टी व्हायची गाडीत" असं काहीतरी म्हणाला असेल आणि ती हसली असेल. तिचं हसू विनोदाला दिलेली दाद होती.

यासाठी एक साधी चाचणी करता येते. तोच परिच्छेद मागच्या सीटवरच्या माणसाला लावून पाहायचा. इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉपची बॅग, तोही खिडकीबाहेर पाहतोय, त्यानंही पैसे मोजून दिलेत. त्याच्याबद्दल "चेहऱ्यावर आयुष्यभराचे कष्ट कोरलेले होते" असं कुणी लिहील का? "कामाच्या विचारात होता" एवढ्यावर भागवलं जाईल. म्हणजे त्याला विचार मिळाले आणि तिला दुःख. हा फरक फक्त कपड्यांनी केला. जे वाक्य सीट बदलताच हास्यास्पद होतं, ते खोडावं.

खोडल्यावर उरतं काय? कुकरची रिंग उरते, आणि खरा ऐवज तोच आहे. सुरुवात तिथून करायची. ती मनगटात का? रिंग सैल झाली की वाफ झाकणाच्या कडेनं निसटते, शिट्टी होत नाही, डाळ बोटचेपी राहते आणि गॅस जळत राहतो. काही दिवस रिंग गार पाण्यात किंवा फ्रीजमध्ये ठेवून काम चालवता येतं, मग तेही जमत नाही. नवी घ्यायची तर कंपनी वेगळी की रिंग वेगळी, लिटर वेगळे की रिंग वेगळी, आणि आतल्या झाकणाच्या कुकरची रिंग बाहेरच्या झाकणाला बसत नाही. दुकानदार सांगतो "बसेल हो", घरी आल्यावर ती बसत नाही आणि पुन्हा भाड्याचे पैसे जातात. म्हणून जुनी रिंग नमुन्याला न्यायची. ही बाई त्यापुढं गेली आहे, ती कुकरच घेऊन निघाली आहे. रिंग दुकानातच बसवून, झाकण लावून बघणार आणि मगच पैसे देणार. गेल्या खेपेला ती फसली असेल, किंवा तिचा स्वभावच तसा असेल.

कल्पनेचं काम इथं सुरू होतं आणि त्याला आता पायाखाली जमीन आहे. या बाईला लिहिणाऱ्यापेक्षा एक गोष्ट जास्त कळते. तिला आज एक काम उरकायचंय आणि त्याचा बेत तिनं आखलाय. दुकानदाराबद्दल तिचं पक्कं मत आहे. एवढं ठरलं की पुढचे प्रश्न बरे पडतात: आज दुपारचा स्वयंपाक तिनं कशात केला? शेजारणीचा कुकर मागून आणला असेल तर तिला तो मागणं जड गेलं का? घरात कुणी "नवाच घे की" म्हणालं असेल तर तिनं काय उत्तर दिलं? दुःख यातूनही येऊ शकतं. तिला दुःख द्यायचंच नाही असा नियम कुठं आहे? फक्त ते तिच्या कामातून, तिच्या बोलण्यातून यायला हवं, वरून लादलेलं नसावं.

उलट बाजूचा खड्डाही तेवढाच खोल आहे. दयेपासून सुटका करून घेताना लिहिणारा तिची देवी करून टाकतो: काटकसरीची मूर्ती, खंबीर, कधी न खचणारी. देवीलाही स्वतःचं मत नसतं, तिच्याकडून फक्त शिकायचं असतं. त्यावर उतारा म्हणजे तिला एखादा साधा दोष द्यावा. शेजारची सीट रिकामी आहे आणि तिनं तिथं पिशवी ठेवली आहे. पुसेगावला कॉलेजची पोरगी चढली, उभी राहिली, तरी पिशवी लगेच उचलली गेली नाही. तिनं आधी पोरीकडं पाहिलं, मग मागं कुठं जागा आहे का ते पाहिलं आणि मग नाइलाजानं कुकर मांडीवर घेतला. वाचकाला आता ती ओळखीची वाटू लागते, कारण ही चालढकल एसटीतल्या प्रत्येकानं कधी ना कधी केली आहे.

फ्रेंच लेखिका आनी एर्नो यांनी वेगळी वाट धरली. २०२२चं साहित्याचं नोबेल मिळवणाऱ्या एर्नो पॅरिसजवळच्या सर्जी या नव्यानं वसवलेल्या शहरात राहायच्या. लोकलगाडीत, मोठ्या दुकानांत दिसलेली माणसं, ऐकलेली वाक्यं त्या १९८५पासून काही वर्षं टिपत राहिल्या आणि १९९३मध्ये त्यांचं पुस्तक झालं. त्या पूर्ण आयुष्य रचत नाहीत, दिसलं तेवढं टिपतात आणि स्वतःचे उसासे शक्यतो बाजूला ठेवतात. एर्नो यांचे आईवडील लहानशा गावात किराणा दुकान आणि कॅफे चालवायचे. गल्ल्यापलीकडून कुणी आपल्याकडं कसं पाहतं, हे त्यांनी लहानपणीच पाहिलं होतं. अनोळखी माणसांच्या बोलण्यात त्यांना स्वतःची आई ऐकू येते, त्यामुळं पाहणारी आणि पाहिली जाणारी यांच्यातलं अंतर कमी होतं. कल्पनेला इतकं आवरणं प्रत्येकाला मानवणार नाही, कथा लिहिणाऱ्याला तर नाहीच. पण पहिला खर्डा त्यांच्या पद्धतीनं करून मगच कल्पनेला सोडलं, तर बरीच फसगत टळते.

छापण्यापूर्वीची एक गोष्ट राहते. साताऱ्याची गाडी, ठरावीक वार, मनगटात रिंग, हातात कुकर एवढं सांगितलं की लहान गावात ती बाई कोण हे चहाच्या टपरीवर ठरतं. मग लेखात कल्पनेनं घातलेली शेजारीणही खरी मानली जाते आणि तिच्या दारात भांडण जातं. म्हणून मार्ग बदलावा, महिना बदलावा, वाटलं तर कुकरच्या जागी मिक्सरचं भांडं घ्यावं. त्या वस्तूचं दुखणं मात्र तितक्याच बारकाईनं शोधावं. फोटो काढून ठेवण्याचा मोह टाळावा. आणि प्रवासात तिच्याशी बोलणं झालंच, "कुठं निघालात मावशी?" असं विचारून तिनं घरचं सांगितलंच, तर तो मजकूर तिनं दिलेला झाला. तो वापरायचा असेल तर आपण लिहितो हे तिला तिथंच सांगावं लागतं, आणि ती "माझं काही छापू नका" म्हणाली तर वही मिटावी लागते.