सिझरच्या व्रणात रुजलेला गर्भ

समजा, तिशीतली एक बाई आहे. पहिलं बाळंतपण सिझरनं झालेलं. पाळी चुकून दोन आठवडे झालेत, चाचणी पॉझिटिव्ह आहे, किंचित रक्ताचा डाग दिसलाय. पोटात फारसं दुखत नाही. घाईत केलेल्या सोनोग्राफीत गर्भ पिशवीच्या अगदी खालच्या भागात दिसतो. गर्भपात होतोय, असं समजून क्युरेटिंगचा सल्ला दिला जातो. घात होतो तो इथेच.

तो गर्भ खाली घसरत नसतो, जुन्या छेदाच्या व्रणात रुजलेला असतो. छेद भरून येताना आतून कधी कधी खाच राहते. तिथे स्नायूचा थर पातळ असतो, त्यामुळे वार खोलवर घुसते. अशा जागी खरवडलं, तर रक्तवाहिन्या आवळून धरायला पुरेसा स्नायूच नसतो आणि रक्तस्राव आवरत नाही. अशा गर्भाची पहिली नोंद 1978 सालची. साधारण दोन हजार गर्भारपणांत एक, असा अंदाज दिला जातो. महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 25.4 टक्के बाळंतपणं सिझरनं झालेली आढळली. म्हणजे व्रण असलेल्या बायका थोड्या नाहीत.

निदानाची उत्तम वेळ सहावा-सातवा आठवडा, आणि सोनोग्राफी योनीमार्गातून केलेली हवी. पिशवीची पोकळी रिकामी, गर्भाशयमुखाचा मार्गही रिकामा, गर्भकोश पुढच्या भिंतीत खाचेत बसलेला, कधी त्रिकोणी, आणि त्याच्या व मूत्राशयाच्या मध्ये जेमतेम एक ते तीन मिलिमीटर स्नायू: हे चित्र बोलकं असतं. प्रोबनं हलका दाब दिला, तर सुटून आलेला गर्भकोश सरकतो. रुजलेला हलत नाही, आणि डॉपलरमध्ये त्याच्याभोवती भरपूर रक्तप्रवाह दिसतो. उशीर झाला की गर्भ वर पोकळीत वाढतो आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो.

गर्भाशयमुखातला गर्भ याहून विरळा. त्यात पिशवी रिकामी आणि मुख फुगलेलं, म्हणून आकार डमरूसारखा दिसतो. रक्तस्रावाचा धोका तिथेही तोच.

उपचार गर्भाचं वय, रक्तस्राव आणि पुढे मूल हवंय का, यावर ठरतात. गर्भ लहान असेल तर मेथोट्रेक्सेट हे औषध सोनोग्राफीत पाहत सुईनं थेट गर्भकोशात देतात. व्रणातल्या गर्भासाठी फक्त दंडात किंवा कमरेत दिलेल्या इंजेक्शनवर विसंबणं कमी भरवशाचं. सोनोग्राफीत पाहत नळीनं गर्भ ओढून काढता येतो, किंवा दुर्बिणीतून काढून व्रण पुन्हा शिवता येतो. रक्तस्राव झालाच, तर फुग्याच्या नळीनं आतून दाब देतात किंवा गर्भाशयाच्या धमन्या बंद करतात. शेवटचा उपाय पिशवी काढण्याचा. व्रणातला गर्भ वाढवायचा हट्ट धरणाऱ्याही असतात. काहींना जिवंत मूल होतं, पण वार भिंतीत रुतण्याचा आणि पिशवी फाटण्याचा धोका शेवटपर्यंत राहतो.

म्हणून सिझर झालेल्या बाईनं पुन्हा दिवस गेल्यावर सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून घ्यावी, आधीचं सिझर न विसरता सांगावं, आणि गर्भ नेमका कुठे आहे हे पाहिल्याशिवाय दुकानातून आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्या घेऊ नयेत.